ठाणे ते कुडाळ, आणि खिडकीशी सहा वर्षांचा मुलगा

«ताई, मे महिन्यात आम्ही मालवणला सासरी चाललोय. मांडवी एक्स्प्रेसने ठाणे ते कुडाळ आणि पुढे एसटीने मालवण. मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जाणार. मागच्या वर्षी मोबाइल दिला तर पनवेलपुढे रेंज जायला लागली आणि हा रडायला, शिवाय नंतर एसटीत उलटी केली ती वेगळीच. बरोबर खेळण्यांची पिशवी नेली होती तीही तासाभरात संपली. दर दहा मिनिटांनी "कधी येणार?" चालू. यावेळी सासूबाई पण आहेत बरोबर. नऊ तास याला काय करायला देऊ?»
– एक आई, ठाणे

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते हे की खेळण्यांची पिशवी अजून मोठी करू नका. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर होते आणि माझ्या अनुभवात या वयाचं मूल एका गोष्टीत पंधरा, फार तर वीस मिनिटं रमतं. मग नऊ तासांना किती वस्तू लागतील त्याचा हिशोब करा, एवढ्या वस्तू उचलून नेणं शक्य नाही आणि त्यातल्या अर्ध्या सीटखाली घरंगळतील ते वेगळं. त्यात तुम्ही चाललाय कोकण रेल्वेने. या मार्गावर खिडकीबाहेर इतकं काही घडत असतं की मुलाला फक्त पुढे काय येणार आहे ते आधी कळलं पाहिजे. "कधी येणार?" हा प्रश्न कंटाळ्याचा कमी असतो आणि न कळण्याचा जास्त असतो. सहा वर्षांच्या मुलाला "अजून पाच तास" म्हणजे काय ते समजत नाही, घड्याळ अजून नीट येत नसतं, त्यामुळे तो विचारत राहतो आणि आपण चिडत राहतो.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं, निघायच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन बसा आणि प्रवासाची पट्टी बनवा. साधे वहीएवढे मोठे, झेरॉक्सचे दोन कोरे कागद घ्या, दोन्ही उभे मधोमध कापा, चार लांब पट्ट्या मिळतील, त्या एकापुढे एक चिकटपट्टीने जोडा. साधारण सव्वा मीटरच्या जरा आत लांबी येते. आता माप असं धरायचं की एक तास म्हणजे १२ सेंटिमीटर, म्हणजे पाच मिनिटांना १ सेंटिमीटर, फूटपट्टीने हे मोजायला एकदम सोपं पडतं. तुमच्या नऊ तासांना १०८ सेंटिमीटर लागतात, बाकीचा कागद दोन्ही टोकांना "आपलं घर" आणि "आजीचं घर" काढायला उरतो. रेल्वेच्या साइटवर तुमच्या गाडीचं वेळापत्रक बघा आणि ज्या स्टेशनांवर गाडी थांबते ती त्या मापाने पट्टीवर लिहा. ठाणे, पनवेल, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, एवढी पुरतात. नावं शक्यतो त्यालाच लिहू द्या, पहिलीत जाणार म्हणजे अक्षरं येत असतील, "कणकवली" तर अशा मुलांसाठीच बनवलेलं नाव आहे, कानामात्रा जवळजवळ नाहीच. संगमेश्वर, वैभववाडी तुम्ही लिहा. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक सुरू झालं की गाड्या हळू चालवतात म्हणून तेव्हा पट्टी वेगळी करावी लागेल, मे महिन्यात ते नाही.

मग या पट्टीला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावा. हा चिमटा म्हणजे आपली गाडी. तो सरकवायचा हक्क फक्त मुलाचा, आणि नियम एकच, की चिमटा घड्याळ बघून सरकवायचा नाही, स्टेशनची पाटी दिसली की सरकवायचा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गाडी लेट झाली तर घड्याळावर बेतलेलं सगळं कोसळतं आणि मुलाला वाटतं आपल्याला फसवलं. पाटीवर बेतलं तर पट्टी कधीच चुकत नाही, फक्त चिमटा जरा जास्त वेळ एका जागी बसतो. त्याने "कधी येणार" विचारलं की तुम्ही उत्तर द्यायचं नाही, "चिमटा कुठाय बघ बरं" एवढंच म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो विचारायचं सोडून स्वतःच बघायला लागतो, मी हे खूप मुलांबाबतीत पाहिलंय.

आता पट्टीवर काय काय काढायचं. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, ते सगळे काढायला बसू नका, तीनच काढा, बाकीचे मोजायचे. पहिला पारसिकचा, तो कोकण रेल्वे लागायच्या आधीच, ठाणं सोडलं की लगेच येतो, १९१६ सालचा जुना बोगदा आहे आणि सवा किलोमीटरच्या वर लांब, तो सराव बोगदा समजा. दुसरा नातूवाडीचा, खेडच्या अलीकडे, ४ किलोमीटरहून मोठा. आणि तिसरा राजा, करबुडेचा, उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांच्या मधे, साडेसहा किलोमीटर. संगमेश्वर गेलं की उक्षीची पाटी शोधायला लावा, तुमची गाडी तिथे बहुतेक न थांबताच जाईल पण पाटी दिसते, आणि पाटी दिसली की सगळ्यांनी तयार व्हायचं.

मागच्या वर्षी मी माझ्या भाचीच्या मुलीबरोबर, ती पण तेव्हा सहाचीच, याच मार्गाने गेले. उक्षी आली तेव्हा आम्ही प्रत्येकाने आपापला आकडा कागदावर लिहून ठेवला, बोगद्यात शिरल्यापासून उजेड दिसेपर्यंत किती आकडे मोजून होतील. तिने १०० लिहिले कारण तिला तेवढेच येत होते, भाचीने २००, मी ३००. शिरलो आणि ती मोजायला लागली, मोठ्याने, खिडकीच्या गजाला नाक लावून. शंभर झाले आणि ती थबकली, पुढचं येत नव्हतं ना. मग मी तिच्या पुढ्यात एक भुईमुगाची शेंग ठेवली आणि म्हटलं हे तुझे पहिले शंभर, आता परत एकपासून. दुसरे शंभर झाले, दुसरी शेंग. तोपर्यंत समोरचे काका पण हलक्या आवाजात मोजायला लागले होते. तिसरी शेंग ठेवली आणि पुढे चोवीसला समोर पांढरा ठिपका दिसला, मोठा होत गेला, आणि आम्ही बाहेर. तीन शेंगा आणि चोवीस. तिने त्या शेंगा कुणाला खाऊ दिल्या नाहीत, मालवणपर्यंत फ्रॉकच्या खिशात होत्या. आता बघा, शाळेत "शतक" शिकवायला मला आठवडा जायचा, ते तिला पाच मिनिटांत शेंगांवर कळलं. तुमची गाडी त्या दिवशी किती वेगात आहे त्यावर आकडा बदलेल, पाच-साडेपाच मिनिटं धरून चाला.

बाकीच्या बोगद्यांना लहान, मधला, मोठा अशा तीन खुणा ठरवा. शिरल्यापासून दहा आकड्यांच्या आत बाहेर आलो तर लहान, वीसच्या आत तर मधला, त्याहून जास्त तर मोठा. पट्टीवर ज्या दोन स्टेशनांच्या मधे असू तिथे खाली रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी, म्हणजे नंतर पाच-पाचने मोजता येतं. पनवेलपासून माणगावपर्यंत बोगदे कमी आहेत तिथे हा खेळ काढू नका, मुलगा वाट बघून वैतागेल. वीर स्टेशन गेल्यावर सुरू करा, तिथून रत्नागिरीपर्यंत एकामागून एक लागतात.

पनवेल ते माणगावच्या त्या सपाट पट्ट्यात काय, तर ट्रक. कोलाड स्टेशनात बघा, कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून नेते, त्याला रो-रो म्हणतात. ड्रायव्हर, क्लीनर आपल्या ट्रकमधेच बसून असतात. ट्रक रेल्वेत बसून चाललाय हे सहा वर्षांच्या मुलाला सांगा आणि त्याचा चेहरा बघा! कोलाडला उभी दिसली तर छानच, नाहीतर पुढे कुठेतरी समोरून येताना भेटू शकते, तेव्हा ट्रक मोजायचे आणि ट्रकांचे रंग बघायचे. नाही भेटली तर नाही, म्हणून आधीच "नक्की दिसेल" असं वचन देऊ नका, "दिसली तर ओरड" असं सांगा.

आता गाडी थांबते त्याबद्दल, कारण मोठी माणसंसुद्धा इथेच कावतात. वीरच्या पुढे कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी आहे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला आणि आपल्याला एकच रूळ. मग एकमेकींना ओलांडायचं तर ते फक्त स्टेशनातच होतं, एकीने बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं. हे मुलाला आधीच दोन चपात्यांच्या सुरळ्या घेऊन डब्यावर दाखवा, खरंच दाखवा, नुसतं सांगून कळत नाही. क्रॉसिंगला थांबणार हे ओळखायचं कसं तर गाडी आधी हळू होते, मग खड-खड-खड करत बाजूला सरकल्यासारखी डुलते आणि आडगावच्या छोट्या स्टेशनात उभी राहते जिथे कुणी चढत-उतरत नाही. झालं, आता पैज. समोरून येणार की मागून? प्रवासी गाडी की मालगाडी? डबे किती? मालगाडी असेल तर मोजता मोजता तो दमतो. शेवटच्या डब्याच्या मागे पिवळी मोठी फुली असते बहुतेक गाड्यांना, ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, मग आपला सिग्नल बघायचा. मागची गाडी पुढे काढायची असेल तर थांबणं लांबतं, वीस-पंचवीस मिनिटंही जातात, तेव्हा मोजण्याचा खेळ ताणू नका, कणकेचा गोळा काढा.

तो गोळा सांगते. बाजारातली खेळण्याची माती न्यायची काही गरज नाही. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, चमचाभर तेल, आणि पाणी एकदम बेताने, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची. अर्धी तशीच ठेवा, अर्धीत हळद घाला, दोन रंग झाले. मीठ जास्त असल्याने दिवसभर आंबत नाही आणि तोंडात घातली तर मूल स्वतःच थुंकतं. मे महिन्याच्या उकाड्यात दुपारनंतर जरा चिकट होते म्हणून एका पुडीत कोरडं पीठ न्या, हाताला लावायला. आणि हे सगळं एका काठ असलेल्या स्टीलच्या ताटात, मांडीवर. ताट हवंच, कारण गाडीत जे काही गोल आहे ते पळतं. चेंडू, गोट्या, मणी, गोल पेन्सिली, टोपणाचे स्केचपेन असलं काही नेऊ नका. मेणाचे खडू उन्हाच्या खिडकीत वितळून ताटाला चिकटतात. तीन बाजूंच्या किंवा सहा बाजूंच्या रंगीत पेन्सिली चालतात, सहाच न्या, आणि डबीवालं शार्पनर.

सासूबाई बरोबर आहेत हे तर फारच छान झालं, त्यांना नुसतं सामान सांभाळायला बसवू नका. त्यांना सांगा की एका कापडी पिशवीत घरातल्या आठ-दहा वस्तू कुणाला न दाखवता भरा, किल्ली, सुपारी, लाकडी चमचा, बटण, रिकामं दोऱ्याचं रीळ, जायफळ, करवंटीचा तुकडा, शंख, असलं काही. पिशवीत हात घालून न बघता ओळखायचं. आजीने फक्त "गार आहे का? खरखरीत आहे का? तुझ्या मुठीत मावतं का?" असं विचारायचं. या खेळाला वीस मिनिटं सहज जातात आणि उलटही करता येतो, मुलगा भरतो आणि आजी ओळखते. जायफळ आणि सुपारी यात मुलं हमखास चुकतात, मग वास घ्यायला द्या. शिवाय आजींच्या लहानपणी ही रेल्वे नव्हती, पूर्ण मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ ला, त्याआधी मालवणहून मुंबईला कसं यायचे, एसटी घाटात कुठे थांबायची, जेवण कुठे बांधून घ्यायचे, बोटीच्या आठवणी घरात कुणी सांगितल्या असतील तर त्या, हे त्यांना विचारायला मुलाला चार प्रश्न आधीच शिकवून ठेवा. आजी "गोष्ट सांगू का" म्हणते तेव्हा मूल कधी ऐकतं कधी नाही, पण स्वतः प्रश्न विचारला की उत्तर ऐकतंच.

जेवण चिपळूणच्या आसपास उरकून घ्या, वाशिष्ठी नदीवरचा पूल बघायचा आणि डबे काढायचे. मांडवीत खायला पुष्कळ येतं आणि लोक आवडीने खातात, पण मुलाला प्रत्येक फेरीवाल्याबरोबर "मला पण" होऊ नये म्हणून सकाळीच ठरवा की दोन गोष्टी विकत घ्यायच्या, कुठल्या त्या त्याने निवडायच्या, आणि पट्टीच्या मागे प्रत्येक विक्रेत्याची खूण करायची. चहा, वडा, कटलेट, पाणी, जो येईल त्याच्यासमोर रेघ. त्यामुळे होतं काय की मागण्याऐवजी तो मोजायला लागतो, आणि दोनातला एक हक्क तो शेवटपर्यंत राखून ठेवतो. चहाची किटली येते तेव्हा मात्र त्याला पॅसेजच्या कडेला बसू देऊ नका.

करबुडे झाला, रत्नागिरी आलं. रत्नागिरी सोडल्यावर खिडकी सोडायची नाही कारण पुढे पानवलचा पूल आहे, ६४ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा, आणि गाडी त्यावरून अर्ध्या मिनिटात निघून जाते. आधी दाखवायचं ते असं, ठाण्यातली एखादी वीस मजली इमारत निघण्यापूर्वी मुलाला खालून दाखवून ठेवा आणि म्हणा की आपली गाडी हिच्या गच्चीएवढ्या उंचीवरून जाणार आहे. नाहीतर नुसते मीटर सांगून उपयोग नाही. पुलावर फोटो काढायच्या नादात त्याला दाराशी अजिबात नेऊ नका, खिडकीतूनच बघायचा.

आता खरा कठीण भाग. पानवलचा पूल झाला की साधारण कणकवलीपर्यंतचे दोन तास. जेवण झालेलं, ऊन तापलेलं, मोठे पेंगलेले, सगळ्यात भारी गोष्टी बघून संपलेल्या. रडारड होते ती इथेच होते, सकाळी होत नाही. मोबाइल या भागासाठी राखून ठेवा, सकाळी नाही. आणि ते पट्टीवरच काढा, रत्नागिरी आणि वैभववाडीच्या मधे एक छोटा मोबाइल, म्हणजे सकाळी मागितला तर "पट्टीवर कुठाय बघ" म्हणता येतं, नाही म्हणणारे तुम्ही राहत नाही. घरूनच वाय-फायवर दोन कार्यक्रम डाउनलोड करून घ्या, वीस-वीस मिनिटांचे, आणि विमान मोड लावून खरंच चालतात का ते घरी तपासा, कारण बोगद्यांच्या भागात रेंज येते-जाते आणि अर्ध्यात थांबलेल्या कार्टूनसारखं रडवणारं दुसरं काही नाही. मला स्वतःला मात्र पडद्यापेक्षा कानगोष्टी जास्त आवडतात, म्हणजे गोष्टींचं रेकॉर्डिंग, तुमच्या किंवा मामाच्या किंवा मालवणच्या आजोबांच्या आवाजात आधी करून ठेवलेलं. हेडफोन लावून ऐकता ऐकता डोळे बाहेर राहतात आणि बरेचदा झोप लागते. झोपला तर झोपू द्या, उठवून काही दाखवायला जाऊ नका.

आणि अर्धा तास काहीच देऊ नका. खरंच सांगते. तो खिडकीला टेकून नुसता बसला असेल, पाय हलवत असेल, काही पुटपुटत असेल तर मधे पडू नका, ती वेळ त्याची आहे. आपण मोठी माणसं शांत बसलेलं मूल बघून घाबरतो आणि लगेच काहीतरी पुढे करतो, मग त्याला सवय लागते की गप्प बसलं की काहीतरी मिळतं.

खिडकीबद्दल मात्र एक गोष्ट जीव तोडून सांगते. स्लीपरच्या किंवा साध्या बसायच्या डब्यात खिडकीला वरून खाली येणारं लोखंडी शटर असतं. एका प्रवासात त्याची खटकी नीट बसलेली नव्हती, गाडीने धक्का दिला आणि शटर धाडकन खाली आलं, आमच्या बरोबरच्या मुलाची बोटं एका पेराने वाचली. तेव्हापासून मी बसल्या बसल्या पहिलं काम हे करते की शटर वर करून दोन्ही बाजूच्या खटक्या बसल्यात का ते हाताने खाली ओढून बघते. एक खटकी सैल असेल तर शटर बंदच ठेवा किंवा जागा बदला. आणि मुलाला शिकवा, खिडकीच्या खालच्या चौकटीवर बोटं ठेवायची नाहीत, हात मांडीवर किंवा गजावर, आणि गजाच्या बाहेर काहीच नाही. वातानुकूलित डबा असेल तर हा प्रश्न नाही पण काच काळपट असते, सकाळीच ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या.

आता एसटी. कुडाळ ते मालवण तासाभराचाच रस्ता आहे पण वळणांचा, आणि मागच्या वर्षी उलटी इथे झाली ती खाण्यामुळेच झाली असं नाही. डोळे मोबाइलवर स्थिर असतात तेव्हा डोळे सांगतात की आपण बसलोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, डोलतोय. दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं, आणि साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे जास्त होतं. म्हणून गाडीत चाललेल्या गोष्टींतली एकही एसटीत चालणार नाही, पट्टी नाही, रंग नाही, पुस्तक नाही, मोबाइल तर नाहीच. शक्यतो पुढच्या बाजूची सीट, मुलगा खिडकीशी, खिडकी उघडी, नजर लांब रस्त्यावर. कणकवलीनंतर फार खायला देऊ नका, अगदी उपाशी पण नको, दोन साधी बिस्किटं चालतील. तो गप्प झाला, चेहरा पांढरा पडला, जांभया द्यायला लागला, तोंडात पाणी येतंय म्हणाला की समजायचं, पिशवी हातात घ्या आणि त्याला बोलतं करू नका. गोळी हवी असेल तर निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, वजनाप्रमाणे किती आणि कधी ते तेच सांगतील.

मग एसटीत खेळायचं काय, तर फक्त डोळे आणि तोंड लागणारं. "माझ्या मनात एक गोष्ट आहे, बाहेर दिसतेय, ओळख", हो-नाहीचे प्रश्न विचारायचे, पण वस्तू लांबची धरायची, नारळाचं झाड, देवळाचा कळस, कौलारू घर, अशी जी पुढे पण परत येईल. नाहीतर वस्तू मागे पडते आणि मूल मान वळवून मागे बघत राहतं, त्यानेच मळमळ वाढते. किंवा गावाच्या पाट्यांच्या भेंड्या, शेवटच्या अक्षरावरून, फक्त पाटी तुम्ही वाचायची आणि नाव त्याने जोडायचं.

पट्टी मालवणला पोचल्यावर टाकू नका. घरी आजोबांना ती दाखवू दे, कुठे किती बोगदे लागले, कुठे किती वेळ थांबलो ते त्याने सांगायचं. आणि परतीच्या आदल्या रात्री तीच पट्टी उलटी धरा, नवीन बनवू नका, कुडाळ आता पहिलं. बोगद्यांच्या रेघा आधीच मारलेल्या आहेत, म्हणजे यावेळी खेळ वेगळा होतो, जाताना जितके मोजले तितकेच येताना भरतात का ते बघायचं. चिमटा मात्र आठवणीने बॅगेत ठेवा, माझ्या भाचीचा मालवणला दोरीवरच राहिला होता आणि स्टेशनवर पोचेपर्यंत पोरगी तेच म्हणत होती, "आपली गाडी राहिली."